उपवासाची भाकरी आणि रोजची पोळी : प्रथिने आणि कर्बोदकांचा हिशेब

(दृश्य : परातीत राजगिऱ्याचे पीठ, शेजारी उकडलेला बटाटा. वाफाळते पाणी ओतले जाते.)

आषाढी एकादशी, महाशिवरात्र किंवा नवरात्र आले की अनेक मराठी घरांत कणकेचा डबा बाजूला ठेवला जातो आणि राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठ बाहेर निघते. या पिठांची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा जास्त प्रथिने देते आणि तिच्यात कर्बोदके कमी असतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. या विधानातील पहिला भाग राजगिऱ्याच्या बाबतीत बराचसा खरा आहे. दुसरा मात्र ताटात आल्यावर टिकत नाही.

सुरुवात आकड्यांऐवजी परातीपासून करू. कणीक भिजवली की गव्हातील प्रथिनांपासून ग्लुटेनचे जाळे तयार होते, त्यामुळे तिची पोळी कागदासारखी पातळ लाटता येते आणि साधारण 30 ग्रॅम कणकेत एक पोळी होते. राजगिरा आणि शिंगाडा यांत ग्लुटेन नसते. गरम पाण्याने मळलेला राजगिऱ्याचा गोळा हाताला चिकटतो, लाटायला गेले की त्याच्या कडा फाटतात, म्हणून तो ओल्या फडक्यावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर थापावा लागतो आणि तव्यावर मोडू नये म्हणून जाड ठेवावा लागतो. अशा एका भाकरीला 50 ग्रॅम पीठ सहज लागते, शिवाय पीठ बांधून येण्यासाठी त्यात उकडलेला बटाटा कुस्करला जातो. 'एक पोळी विरुद्ध एक भाकरी' ही तुलना येथेच फसते.

(दृश्य : स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दोन वाट्या.)

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यानुसार 100 ग्रॅम कणकेत सुमारे 10.6 ग्रॅम प्रथिने आणि 64 ग्रॅम कर्बोदके असतात; फिकट तपकिरी राजगिऱ्यात हेच प्रमाण सुमारे 13.3 आणि 61.5 ग्रॅम आहे. म्हणजे समान वजनाच्या पिठात राजगिरा प्रथिनांच्या बाबतीत पावणेतीन ग्रॅमने पुढे आहे, पण कर्बोदकांतला फरक किरकोळ आहे. त्यातही गव्हाचे वाण आणि पीक बदलले की प्रथिने बदलतात, आणि याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात कणकेची प्रथिने 12 ग्रॅमच्या आसपास दिलेली होती, म्हणून हे पावणेतीन ग्रॅम फार घट्ट धरून बसू नयेत.

आता हाच हिशेब भाकरीपर्यंत नेऊ. 50 ग्रॅम राजगिरा पीठ आणि 30 ग्रॅम उकडलेला बटाटा मिळून जी भाकरी होते, तिच्यात सुमारे 7 ग्रॅम प्रथिने आणि 35 ग्रॅम कर्बोदके येतात. 30 ग्रॅमच्या पोळीत साधारण 3.2 ग्रॅम प्रथिने आणि 19 ग्रॅम कर्बोदके असतात. दोन पोळ्यांची सवय असलेली व्यक्ती उपवासाला दोन भाकऱ्या खात असेल, तर तिच्या पोटात 38 ऐवजी 70 ग्रॅम कर्बोदके जातात. प्रथिनेही दुपटीहून जास्त मिळतात हे खरे, पण त्यातला मोठा वाटा जास्त पिठाचा आहे. बटाट्यानेही भर घातली ती जवळजवळ केवळ पिष्टाची.

मग राजगिऱ्याचे खरे वैशिष्ट्य कोणते? ते प्रथिनांच्या वजनात नसून त्यांच्या घडणीत आहे. शरीराला आहारातूनच मिळवावी लागणारी जी अमिनो आम्ले आहेत, त्यांपैकी लायसिन गव्हात सर्वांत तोकडे पडते, आणि ते तोकडे पडले की उरलेल्या प्रथिनांचा उपयोगही शरीराला पूर्णपणे करून घेता येत नाही. राजगिऱ्याच्या प्रथिनांत लायसिनचे प्रमाण गव्हाच्या जवळपास दुप्पट असते. रोजच्या जेवणात ही उणीव पोळीसोबतचे वरण किंवा उसळ भरून काढते, कारण डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर असते. परंतु उपवासाच्या दिवशी डाळ वर्ज्य असते आणि बहुतेक ठिकाणी तिची जागा साबुदाणा घेतो, ज्यात प्रथिने नावापुरतीच असतात. या एका दिवशी राजगिऱ्याला महत्त्व येते ते म्हणूनच.

(दृश्य : राजगिऱ्याचे दाणे अगदी जवळून. मोहरीपेक्षाही बारीक.)

कर्बोदकांच्या बाबतीत प्रमाणाइतकाच वेगही पाहावा लागतो. राजगिऱ्याच्या पिष्टाचे कण अतिशय सूक्ष्म, साधारण एक ते तीन मायक्रोमीटर एवढे असतात, तर गव्हाचे मोठे कण त्याच्या दहापट भरतात. सूक्ष्म कणांवर पाचकरस लवकर काम करतात. मधुमेही व्यक्तींवर झालेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात गव्हाच्या पिठात एक चतुर्थांश राजगिरा मिसळला तेव्हा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते हे दाखवणारा आकडा, गव्हाइतकाच, 65 च्या पुढेमागे राहिला. निम्मा राजगिरा मिसळल्यावर तो 75 वर गेला आणि राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून दिल्या तेव्हा 97 वर पोहोचला. लाह्या म्हणजे भाकरी नव्हे, हे मान्य. तरीही 'राजगिरा साखर वाढवत नाही' हा समज घेऊन मधुमेही माणसाने तीन भाकऱ्या खाव्यात, असे हे आकडे निश्चितच म्हणत नाहीत.

(दृश्य : तलावात पसरलेला शिंगाड्याचा वेल.)

शिंगाड्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांतून निघणारे हे फळ वाळवून दळले की पीठ तयार होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात वाळलेल्या शिंगाड्याची प्रथिने 13.4 आणि कर्बोदके 68.9 ग्रॅम अशी दिली आहेत, तर पिठाच्या इतर काही तपासण्यांत प्रथिने 8 ग्रॅमच्या आसपासच आढळली आहेत. पहिला आकडा धरला तर शिंगाडा राजगिऱ्याच्या बरोबरीला येतो. दुसरा धरला तर कणकेच्याही खाली जातो. माझ्या मते घरच्या हिशेबासाठी खालचा आकडा धरणे आणि शिंगाड्याचे पीठ मुख्यतः पिष्ट म्हणून मोजणे अधिक सुरक्षित ठरते.

आहार मोजणाऱ्या मोबाईल ॲपवर विसंबणाऱ्यांना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागेल. तेथे 'वॉटर चेस्टनट' शोधले की बहुधा चिनी स्वयंपाकातला गोल कंद समोर येतो. ती पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे आणि तिच्या 100 ग्रॅम ताज्या कंदात जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने असतात, तर आपल्या ताज्या शिंगाड्यात ती पावणेपाच ग्रॅमच्या घरात आहेत. शिवाय अनेक परदेशी तक्ते कर्बोदकांच्या आकड्यात तंतूही धरतात आणि आपल्याकडचा तक्ता ते वेगळे दाखवतो, त्यामुळे एका तक्त्यातला गहू आणि दुसऱ्या तक्त्यातला राजगिरा शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

(दृश्य : भाकरीच्या गोळ्यात दाण्याचे कूट मिसळणारा हात.)

शिंगाड्याच्या पिठात बटाट्याचा काही भाग वगळून 10 ग्रॅम दाण्याचे कूट घातले, तर सुमारे 2.4 ग्रॅम प्रथिनांची भर पडते आणि कर्बोदके पावणेदोन ग्रॅमच वाढतात. सोबत वाटीभर दही घेतले तर आणखी तीन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि दह्यातून लायसिनही येते. कुटामुळे गोळा थोडा ठिसूळ होतो, म्हणून भाकरी लहान आकाराची थापावी आणि उलटण्यापूर्वी तिची खालची बाजू पूर्ण भाजून घ्यावी.