अल्फा १६८ मिनिटं, बीटा ९५ मिनिटं, मग काउंटर ६०च का दाखवतो?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं बसूनच बोलू. प्रश्न असा, की बिस्मथ-२१२ दोन वाटांनी फुटतं, पुस्तकात अल्फाचं आंशिक अर्धायुष्य १६८ मिनिटं आणि बीटाचं साधारण ९५ मिनिटं दिलंय, मग मी अल्फाचा ग्राफ काढला तेव्हा तो ६० मिनिटांत अर्धा कसा झाला, मॅडम तुम्ही चुकलात.

नाही चुकले. पण प्रश्न भारी आहे.

बेसिक पटकन उरकते, कारण ते तुम्हाला येतं. बिस्मथ-२१२ च्या अणूकेंद्रकापुढे दोन रस्ते. शंभरातली ३६ अल्फा सोडून थॅलियम-२०८ होतात, ६४ बीटा सोडून पोलोनियम-२१२ होतात, आणि पुढे दोघांचंही शेवटी शिसं-२०८ च होतं. एकूण हाफ लाइफ ६०.६ मिनिटं. क्षय स्थिरांक म्हणजे एका केंद्रकाची दर मिनिटाला फुटायची शक्यता, ०.६९३ भागिले ६०.६, म्हणजे ०.०११४४. ही शक्यता दोन वाटांत वाटून टाकायची, ३६ टक्के अल्फाला, ६४ टक्के बीटाला:

```
λ  = 0.01144 प्रति मिनिट
λα = 0.36 × λ = 0.00412
λβ = 0.64 × λ = 0.00732
```

स्थिरांकांची बेरीज होते, अर्धायुष्यांची होत नाही. कुणीतरी कमेंटमध्ये १६८ आणि ९५ ची सरासरी काढून १३१ लिहिलं होतं. अहो, दोन दारं उघडी असताना खोली एका दारापेक्षा लवकर रिकामी होणार ना, मग एकूण अर्धायुष्य दोन्हींपेक्षा लहानच यायला हवं. दुसऱ्या एकाने ६०.६ ला ०.३६ ने गुणून २१.८ मिनिटं काढली होती. गुणायचं नाही, भागायचं. ६०.६ भागिले ०.३६ म्हणजे १६८, आणि भागिले ०.६४ म्हणजे ९४.७. आंशिक अर्धायुष्य एकूणपेक्षा लहान आलं की तिथेच पेन खाली ठेवा आणि मागे जाऊन बघा.

आता मुद्द्यावर. १६८ मिनिटं हा आकडा घड्याळावर कधीच दिसत नाही. परत सांगते, कधीच नाही. अल्फाच्या काउंटरवर नाही, बीटाच्या काउंटरवर नाही, थॅलियम किती साठलं त्यातही नाही.

का ते बघा. समजा सुरुवातीला १०,००० केंद्रकं आहेत. पहिल्या मिनिटाला अल्फा साधारण ४१, कारण १०,००० गुणिले ०.००४१२. तासाभराने, म्हणजे ६०.६ मिनिटांनी, ५,००० उरली, तर आता अल्फा मिनिटाला २०-२१. अर्ध्यावर आली की नाही? अल्फाचा दर म्हणजे λα गुणिले "आत्ता उरलेली केंद्रकं", आणि ती उरलेली केंद्रकं बीटासुद्धा खातोय. λα हा फक्त समोरचा गुणक, तो ग्राफची उंची ठरवतो. ग्राफ किती वेगाने खाली येणार हे ठरवणारा एकूण λ, जो घातांकात बसलाय:

```
अल्फाचा दर = λα × N0 × e^(−λt)
```

घातांकात λα लिहिलंत की संपलं. वहीत हीच चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती दिसायला इतकी साळसूद असते की तपासणाराही पुढे निघून जातो.

अजून पटत नसेल तर हिशेब उलटा लावून बघू. समजा अल्फा खरंच १६८ च्या वेगाने आणि बीटा ९५ च्या वेगाने, एकमेकांकडे न बघता चाललेत. मग ६०.६ मिनिटांत अल्फाने गेलेली येतात साधारण २,२०८ आणि बीटाने ३,५८३, मिळून ५,७९१. पण गेली तर फक्त ५,००० आहेत! ही जास्तीची ७९१ कुठून आली? तीच केंद्रकं आपण दोनदा मोजली, एकदा अल्फाने मेलेली आणि तीच परत बीटाने मेलेली. आणखी वाट बघा, तर त्या हिशेबात शेवटी १०,००० अल्फा आणि १०,००० बीटा निघतील. दहा हजारांतून वीस हजार! खरा हिशेब ५,००० चे ३६ टक्के म्हणजे १,८०० आणि ६४ टक्के म्हणजे ३,२००.

आणि तिसऱ्या बाजूने. "अर्धायुष्य" म्हटलं की विचारा, कशाचं अर्धं? १६८ मिनिटांनी बिस्मथ अर्धं उरतं का? छे, तोवर १०,००० पैकी साधारण १,४६० उरतात. मग निदान अर्धी केंद्रकं अल्फाने गेलेली असतात का? तेही नाही, तोवर अल्फाने सुमारे ३,०७५ जातात आणि कितीही थांबलात तरी तो आकडा ३,६०० च्या वर जात नाही, ५,००० ला पोचायचा प्रश्नच नाही. १६८ मिनिटं ही "बीटाची वाट बंद असती तर" अशी गोष्ट आहे. ती बंद करता येत नाही. म्हणजे तो आकडा खोटा आहे असं नाही हं, अल्फाची वाट किती अवघड आहे ते तो सांगतो, आणि दोन न्यूक्लाइडच्या अल्फा क्षयाची तुलना करायची तर तोच लागतो. फक्त स्टॉपवॉच घेऊन त्याच्या मागे लागू नका.

हे मी एवढ्या हक्काने सांगतेय कारण मी स्वतः लागले होते. कॉलेजात प्रॅक्टिकलला हेच बिस्मथ होतं. थोरियमपासून थोरॉन वायू निघतो, त्याच्या पुढच्या पिढीतली मूलद्रव्यं धातूच्या पट्टीवर गोळा करायची आणि डिटेक्टरखाली ठेवायची. माझी पार्टनर म्हणाली ६० येणार, मी म्हटलं अल्फा मोजतोय तर १६८. पैज लागली. दुपारभर बसून ग्राफ काढला तर सुरुवातीला जरा वाकडंतिकडं काहीतरी, आणि नंतर हळूहळू उतार, अर्धायुष्य निघालं साडेदहा तासांच्या आसपास. दोघींचेही चेहरे बघण्यासारखे. झालं असं होतं, की पट्टीवर नुसतं बिस्मथ नव्हतंच, त्याचा बाप शिसं-२१२ पण होता, त्याचं अर्धायुष्य १०.६ तास. तो मागून बिस्मथ पुरवत राहतो, त्यामुळे काही तासांनी बिस्मथही बापाच्या चालीने कमी होतं. ६०.६ बघायचे तर आधी रसायनाने बिस्मथ शिशापासून वेगळं काढावं लागतं. ते आम्ही केलंच नव्हतं.

दुसरा घोळ त्याहून मजेशीर. आम्ही "अल्फा" म्हणून जे मोजत होतो त्यातल्या बहुतेक अल्फा अल्फाच्या वाटेच्या नव्हत्याच! बीटाच्या वाटेने गेलं की पोलोनियम-२१२ बनतं आणि त्याचं अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद, म्हणजे बनल्या बनल्या तेही अल्फा सोडतं. म्हणजे प्रत्येक बिस्मथमागे शेवटी एक अल्फा निघतेच, ती कुठल्या का वाटेने येईना. नुसत्या अल्फा मोजल्यात तर ३६ टक्के दिसणारच नाहीत, शंभर दिसतील. ऊर्जा बघायला लागते. बिस्मथची स्वतःची अल्फा ६.१ एमईव्हीच्या जवळ, पोलोनियमची ८.८ च्या जवळ, डिटेक्टरच्या स्क्रीनवर दोन शिखरं अगदी सुटी दिसतात. खालच्या शिखराखालचे काउंट आणि वरच्या शिखराखालचे काउंट, त्यांचं प्रमाण ३६ ला ६४.

आणि आता गंमत बघा. त्या बिघडलेल्या प्रयोगात सगळं चुकलं होतं, पण हे प्रमाण सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, बाप असू दे नाहीतर नसू दे, ३६ ला ६४ च राहिलं. दोन वाटा वेगवेगळ्या अर्धायुष्याने चालत असत्या तर लवकर संपणारी मागे पडून हे प्रमाण दिवसभर सरकत गेलं असतं ना? ते हललं नाही. सरांनी तेवढ्या एका ओळीवर आमचा रिपोर्ट पास केला.

एका दर्शकाने लिहिलंय, "परीक्षेत मार्क जातात, बाकी काय फरक पडतो." पडतो. खडकांचं वय काढताना पडतो. पोटॅशियम-४० घ्या, एकूण अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, साधारण ८९.३ टक्के कॅल्शियम-४० होतं आणि १०.७ टक्के आर्गॉन-४०. वितळलेला खडक थिजला की आर्गॉन आत अडकून साठत जातो, म्हणून आर्गॉन मोजतात. कॅल्शियम खडकात आधीच ढीगभर असतं, त्यात नवीन किती ते ओळखणं अवघड. समजा एका खडकात आर्गॉन-४० आणि पोटॅशियम-४० यांचं प्रमाण ०.१०७ आलं. वय किती?

सूत्राशिवाय करा. एक अर्धायुष्य गेलं तर पोटॅशियम ०.५ उरलं, ०.५ गेलं, त्यातलं १०.७ टक्के आर्गॉन, म्हणजे ०.०५३५. भागिले ०.५, आलं ०.१०७. म्हणजे वय बरोबर १२५ कोटी वर्षं. आता ज्याने दुसरी वाट विसरून सगळं पोटॅशियम आर्गॉनच होतं असं धरलं त्याचं उत्तर येतं १८ कोटी. आणि ज्याने घातांकात फक्त आर्गॉनच्या वाटेचा स्थिरांक टाकला, म्हणजे ते ११७० कोटी वर्षांचं आंशिक अर्धायुष्य घड्याळ म्हणून वापरलं, त्याचं येतं १७१ कोटी. बरोबर सूत्र असं, लॉगच्या बाहेर एकूण λ आणि आत वाटणीचा भाग:

```
t = (1/λ) × ln(1 + (λ/λ_Ar) × (Ar/K))
```

आता यातली खरी खोच. हीच आंशिक अर्धायुष्याची चूक तरुण खडकावर करून बघा, प्रमाण ०.००१ घ्या. बरोबर उत्तर सुमारे १ कोटी ६७.८ लाख वर्षं, चुकीच्या सूत्राने सुमारे १ कोटी ६८.५ लाख. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही! कारण पोटॅशियम अजून जवळपास सगळंच शिल्लक आहे, दुसऱ्या वाटेने फार काही खाल्लंच नाहीये. म्हणून "माझं सूत्र पण बरोबर येतं, मी चेक केलं" असं लिहिणाऱ्यांनो, तुम्ही कुठला खडक घेऊन चेक केलंत ते खाली लिहा, म्हणजे त्याच सूत्रात मी १२५ कोटीवाला टाकून दाखवते.