एकच नाव, सोळा स्पेलिंगं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते आपल्याकडच्या छोट्या ब्रँडच्या इंग्रजी स्पेलिंगबद्दल. देवनागरीत आपलं नाव एकदम पक्कं असतं हो, पण तेच रोमन अक्षरांत लिहायला गेलं की बोर्डवर एक, बिलावर दुसरं, इन्स्टाग्रामवर तिसरं, आणि गुगलवर पुतण्याने टाकलेलं चौथं. मुद्दा एवढाच, की रोमन स्पेलिंग एकच ठरवायचं आणि ते सगळीकडे जसंच्या तसं वापरायचं.

वेंगुर्ल्याकडच्या एका ताईंची गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. आमसुलं, फणसपोळी, पोह्याचे पापड, कोकम आगळ असं सगळं त्या करतात. (आगळ म्हणजे नुसता कोकमाचा मीठ घातलेला रस, साखर घातलेलं ते सरबत. पर्यटकांना आगळाच्या नावाखाली सरबत विकणारे दिसले की मला राग येतो, पण असो.) त्यांच्या ब्रँडचं नाव आपण 'वाळवण' धरूया, म्हणजे गुंता नीट कळेल.

आता वाळवण रोमनमध्ये कसं लिहाल? दोन्ही 'व'ना व्ही किंवा डब्ल्यू. 'वा'ला एक ए किंवा दोन ए. 'ळ'ला बिचाऱ्याला एलशिवाय काही नाही, पण त्याच्यापुढे परत एक ए घालायचा की नाही हा प्रश्न आहेच. गुणाकार करून बघा, 16 स्पेलिंगं होतात, आणि सगळी बरोबर वाटतात. ताईंच्या बोर्डवर पेंटरने WALVAN लिहिलं. लेबल छापणाऱ्याने Vaalvan केलं. जीएसटीचा फॉर्म भरणाऱ्याने WALAWAN टाकलं. भाच्याने इन्स्टाग्राम काढलं valvan_konkan नावाने. आणि गुगल मॅपवर Valvan.

सुरुवातीला काही बिघडलं नाही, कारण गिऱ्हाईक ओळखीचं होतं, फोन करून माल न्यायचं. मग पुण्यातल्या एका दुकानदाराने फणसपोळीची मोठी ऑर्डर दिली. माल गेला, विकलाही गेला, पैसे मात्र येईनात. ताईंनी फोन केला तर तो म्हणाला, "ताई, बिल आमच्या अकाउंटंटकडे अडकलंय. पाकिटावर एक नाव, बिलावर दुसरं, आणि पोर्टलवर तुमचा जीएसटी नंबर टाकला तर तिसरंच येतंय. तो विचारतोय, ही पार्टी एकच आहे ना?" तसं बघितलं तर टॅक्सचं क्रेडिट जीएसटी नंबरावर मिळतं, नावाच्या स्पेलिंगवर नाही. पण लांबचा अकाउंटंट आपल्याला ओळखत नसतो, त्याच्यासमोर फक्त कागद असतो आणि तीन नावं बघून तो थांबतो, त्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही.

ते पैसे शेवटी मिळाले, पण त्याच दुकानदाराने जाताजाता जे सांगितलं ते जास्त लागलं. म्हणाला, "फणसपोळी खाऊन लोक तुम्हाला शोधतात, पण गुगलवर Valvan टाकलं की लोणावळ्याचं धरण येतं." खरंच आहे ते, लोणावळ्याजवळ वळवण गाव आहे आणि वळवण धरणही आहे. देवनागरीत वळवण आणि वाळवण लांबून ओळखू येतात, रोमनमध्ये एक ए घातला की दोन्ही एकच. म्हणजे वेंगुर्ल्याचं गिऱ्हाईक लोणावळ्याला पोचत होतं!

मग ताईंनी जे केलं ते मला पटलं. घरात बसून स्पेलिंग ठरवलं नाही. ओळखीच्या लोकांना फोन करून नुसतं नाव बोलून दाखवलं आणि सांगितलं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवा. त्यात पुण्या-मुंबईचे होते, एकदोन हिंदी बोलणारेही. बहुतेकांनी दोन्ही 'व'ना व्ही घातला, म्हणजे डब्ल्यू बाद. 'ळ'नंतरचा ए जवळजवळ कोणी घातला नाही. डबल ए मात्र थोड्यांनीच घातला. मग लोकांची सवय बघायची की धरणापासून वेगळं राहायचं? ताईंनी वेगळं राहणं निवडलं: Vaalvan. व्ही, डबल ए, एल, व्ही, ए, एन. पाकिटांवरही तेच आधीपासून होतं. नुसत्या बहुमताने Valvan घेतलं असतं तर पुढची दहा वर्षं धरणाशी भांडत बसावं लागलं असतं.

परत सांगते, आधी कानाने ऐकून लोक काय टाइप करतात ते बघा, मग ते स्पेलिंग आणखी कुणाचं आहे का ते बघा.

बदलायचा क्रमही महत्त्वाचा. जीएसटीत ट्रेड नेम बदलायचा अर्ज पोर्टलवरच होतो, पण त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागते, म्हणून तो आधी टाकायचा. नवीन सर्टिफिकेट हातात आलं की मग बिलबुक. प्रोप्रायटरचं कायदेशीर नाव पॅनवरचंच राहतं, ते वेगळं. बोर्डचं म्हणाल तर कायद्याने मराठी देवनागरीत हवंच आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, त्यामुळे वर वाळवण, खाली Vaalvan. (हायवेला नुसतेच इंग्रजी बोर्ड लावणारी रिसॉर्टं बघितली की वाटतं, एवढा सुंदर मुलूख आणि नाव वाचायला आजीला नातू लागतो.)

गुगलवर नवीन प्रोफाइल अजिबात काढू नका. जुन्याच प्रोफाइलचं नाव एडिट करा, म्हणजे रिव्ह्यू राहतात. गुगल कधीकधी परत व्हेरिफिकेशन मागतं, तेव्हा बोर्डचा फोटो उपयोगी पडतो, म्हणून बोर्ड आधी. आणि नावाच्या रकान्यात Vaalvan Valvan Walvan Best Kokum असलं कडबोळं करू नका. गुगलचा नियमच आहे की दुकानावर जे नाव आहे तेच तिथे हवं, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. बाकीची स्पेलिंगं लोक टाइप करणारच, ती आपल्या वेबसाइटवर एका वाक्यात येऊ द्या.

इन्स्टाग्रामचं एक लक्षात ठेवा. युजरनेम बदललं की फॉलोअर्स राहतात, पण जुनी लिंक मरते आणि जुनं नाव काही दिवसांनी दुसऱ्या कुणालाही घेता येऊ शकतं. ताईंच्या पाकिटावरचा क्यूआर कोड त्या जुन्या लिंकचा होता. म्हणून जुनं नाव मोकळं झाल्याबरोबर त्यांनी दुसरं एक खातं उघडून valvan_konkan परत आपल्याकडेच घेतलं आणि त्यात एकच पोस्ट ठेवली, नवीन पत्त्याची. क्यूआर स्कॅन करणारा रिकाम्या पानावर जात नाही. आणि आता नवीन पाकिटांवर क्यूआर इन्स्टाग्रामचा नाहीच, स्वतःच्या वेबसाइटचा आहे, तिथून पुढे कुठे पाठवायचं ते ताई पाहिजे तेव्हा बदलू शकतात.