ताट आल्याशिवाय गोळी नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे-बेंगळूर हायवेवर गाडी चालवणाऱ्या एका ड्रायव्हरची गोष्ट आज सांगायची आहे. खानापूर तालुक्यातला माणूस, वय पन्नाशीच्या अलीकडं. नाव सांगत नाही. गावात सगळे अण्णा म्हणतात, आपणही अण्णाच म्हणू. उद्यमबागेतल्या फौंड्रीतून कास्टिंगचा माल भरायचा आणि होसूरला टाकायचा. तिथून जो माल मिळेल तो घेऊन पुण्याकडं, आणि पुण्याहून परत बेळगाव. बारा टायरची गाडी, सोबत क्लीनर म्हणून गावातलंच एक पोरगं.

अण्णांना शुगर आहे हे कळलं ते लायसन्सच्या मेडिकलच्या वेळी. उपाशीपोटी १८६ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी टेस्ट असते ती ९.२. डॉक्टरनी गोळ्या दिल्या, सकाळी एक आणि रात्री एक. वर नेहमीचं वाक्य ऐकवलं, वेळेवर जेवा आणि रोज चाला. आता बघा, जो माणूस चौदा तास सीटवर बसतो आणि ज्याचं जेवण टोलची रांग ठरवते, त्यानं वेळेवर जेवायचं कसं आणि चालायचं कुठं? १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. लिहिलं होतं म्हणून सांगतो. मालकाचा फोन मात्र दर तासाला येतोच, "कुठं पोचलास गा?"

अण्णांनी सुरुवात केली चहापासून. दिवसाला दहा-बारा चहा व्हायचे. हायवेवरच्या चहात दोन चमचे साखर धरली तर एका कपात आठ-दहा ग्रॅम, म्हणजे दिवसाकाठी शंभर ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातनं. ते चार चहांवर आले, तेही बिनसाखरेचे. पहिले आठ दिवस डोकं दुखलं म्हणतात. माझं मत विचाराल तर हायवेवरचा चहा हा चहा राहिलाच नाही, तो दुधाचा पाक झालाय. कुंद्याचंही तेच झालंय. खवा दमानं आटवायचा, तो रंगावर येऊ द्यायचा, हे सोडून लोक साखर ओतून मोकळे होतात. असो, कुंदा हा आजचा विषय नाही आणि अण्णांना तो चालतही नाही.

मग जेवण. वहिनींनी जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या करून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं कडक भाकरी कशी करतात ते तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या डब्यात कोरडी राहिली की दोन आठवडे तिला काही होत नाही. सोबत शेंगाचटणी, कारळाची चटणी आणि फुटाणे. मोडाची मटकीही द्यायच्या, पण चैत्रात केबिन तापते आणि दुसऱ्या दिवशी मटकीला तार सुटते, आंबूस वास येतो. तशी झाली की टाकायची, धुऊन खायची नाही. त्यामुळं उन्हाळ्यात मटकी बंद, ढाब्यावर उकडलेली अंडी घ्यायची.

इथं एक गोष्ट नीट ऐका. भाकरीनं शुगर वाढत नाही असं पुष्कळ जण समजतात. वाढते. जोंधळ्याची भाकरी झाली तरी ते धान्यच आहे. अण्णा चार भाकऱ्या खायचे ते दोनवर आले. आधी वाटीभर डाळ किंवा उसळ, कांदा, मुळा, कच्ची मेथी, आणि मग भाकरी. भात शेवटी, मूठभर. क्रम बदलला की जेवणानंतरची उसळी कमी होते. पुन्हा सांगतो, आधी डाळ-भाजी आणि मग भाकरी.

आता चालण्याचं. हायवेच्या कडेला चालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, म्हणून अण्णांनी गाडीभोवतीच चालायचं ठरवलं. ढाब्याच्या आवारात गाडी लावायची आणि तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या. बारा टायरच्या गाडीभोवती एक फेरी साधारण तीस मीटरची होते. तीस फेऱ्या म्हणजे नऊशे मीटर, दहा-बारा मिनिटांचं काम. जेवणानंतर पायाचे स्नायू चालू राहिले की रक्तातली साखर ते ओढून घेतात, एवढं कारण पुरे. फेऱ्या मोजायला त्यांनी तीस खडे जमवले होते. बंपरच्या डाव्या टोकाला सगळे ठेवायचे आणि दर फेरीला एक खडा उजवीकडं सरकवायचा. जाता जाता टायर, दोर आणि ताडपत्री बघून व्हायची. आणि उतरताना केबिनमधनं उडी मारायची नाही. तोंड केबिनकडं, दोन हात आणि एक पाय कायम टेकलेला. त्या उडीमुळं गुडघे दुखतात.

महिनाभरात आकडे उतरू लागले. आणि मग ती रात्र आली, जी सांगण्यासाठी खरं तर मी आज बसलोय.

पुण्याहून परत येत होते. कोल्हापूर गेलं, कागल गेलं, कोगनोळीच्या टोलला रांग. अण्णांनी हिशेब केला, निपाणीजवळ नऊ वाजता जेवू. म्हणून टोलच्या रांगेतच रात्रीची गोळी घेऊन टाकली. वेळेवर घ्या म्हटलंय ना डॉक्टरनी! पण रांग हलेना. निपाणीत नेहमीच्या ढाब्यावर गाडी लावायला जागा नाही. त्या ढाब्याचं आता फॅमिली रेस्टॉरंट झालंय, लाल-निळे दिवे लावलेत आणि ट्रकवाल्याला आत घेत नाहीत. ज्यांच्या जिवावर ढाबा उभा राहिला त्यांनाच बाहेर काढायचं, ही कुठली रीत? मग तवंदीचा घाट ओलांडला आणि संकेश्वरच्या अलीकडं एका साध्या ढाब्यावर थांबले. पावणेअकरा वाजलेले. भटारी म्हणाला, डाळीला वीस मिनिटं लागतील. अण्णांना वाटलं, वीस मिनिटं रिकामं का बसायचं, तोवर फेऱ्या उरकून घेऊ.

म्हणजे बघा, गोळी पोटात जाऊन दोन तास झालेले, पोट रिकामं, आणि वर तीस फेऱ्या.

दहा-बारा फेऱ्यांनंतर घाम फुटला. थंडीच्या दिवसात सदरा भिजला. हात थरथरायला लागले, खडा उचलायला गेलं की निसटायचा. पण डोकं असं बधिर झालेलं की आपल्याला काही होतंय हेच कळेना. खडा इकडचा तिकडं, तिकडचा परत इकडं, असं चाललेलं. क्लीनर केबिनमध्ये घोरत पडलेला.

तेवढ्यात पोलिसांची गस्तीची जीप चहाला थांबली. एका हवालदारानं पाहिलं की अंधारात एक माणूस गाडीभोवती झोकांड्या खात फिरतोय आणि बंपरवर खडे मांडतोय. करणी-बिरणी करतोय की काय! तो जवळ गेला. "एन हुडुकाकत्तीरी?" काय शोधताय? अण्णा नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "अठरा झाले." हवालदाराची खात्री पटली. "कुडदीरेनु?" प्यायलाय काय? यंत्र आणलं आणि फुंकायला लावलं. तीनदा सांगितल्यावर अण्णांनी कसंबसं फुंकलं. यंत्रावर शून्य. साहेब जीपमधनं म्हणाले, यंत्र बिघडलंय, घ्या आत.

पण हवालदारानं अण्णांचा हात धरला तर तो गार आणि घामानं चिकट. त्यानं विचारलं, "सक्करी ब्यानी ऐतेनु?" शुगर आहे काय? कारण ती त्याला स्वतःला होती, आणि एका बंदोबस्तात तो असाच पडला होता. त्यानं भटाऱ्याला ओरडून सांगितलं, चहा उकळत बसू नको, पाण्यात साखर घालून आण. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात ढवळून अण्णांच्या हाती दिली. क्लीनरला उठवलं. त्यानं डॅशबोर्डमधलं शुगरचं मशीन काढून बोटाला लावलं तर आकडा ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे लक्षात असू द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ७८. मग अण्णांना जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर अण्णा उठून गाडीकडं निघाले, तर किल्ली हवालदाराच्या खिशात! "एक तास." तासभर तो समोर बसून राहिला, बायकोनं भात कसा बंद केला ते सांगत. साहेब जीपमध्ये शिव्या देत होते म्हणे.

तर श्रोतेहो, शुगर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. घाम, थरथर, बडबड, किंवा बोलणंच बंद. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातनं द्या. पंधरा मिनिटांनी तपासा, सत्तरच्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. त्यावर जेवण हवंच, कारण अशा गोळीचा जोर काही तास टिकतो आणि वर आलेली शुगर परत खाली जाऊ शकते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा. आणि शुगर वर आली तरी डोकं ताळ्यावर यायला पाऊण तास तरी लागतो. तोवर स्टेअरिंगला हात नाही.

सगळ्याच गोळ्या असं करत नाहीत. नुसत्या मेटफॉर्मिननं हे सहसा होत नाही. ग्लिमेपिराईडसारखी गोळी जेवण असो-नसो शरीरातनं इन्सुलिन बाहेर काढते, आणि अण्णांच्या गोळीत ती होती. खाणं कमी झालं, चालणं वाढलं, पण गोळी जुनीच राहिली. डॉक्टरना पुढच्या आठवड्यात हे सगळं सांगितल्यावर त्यांनी रात्रीची मात्रा निम्मी केली. हे काम डॉक्टरचं, आपण गोळी मोडून खायची नाही.

आता अण्णांचा नेम असा आहे. ताट समोर आल्याशिवाय गोळी नाही. जेवल्याशिवाय फेऱ्या नाहीत. पुन्हा सांगतो, आधी ताट, त्याच्यासोबत गोळी, आणि जेवल्यावर फेऱ्या. गाडी सुरू करण्याआधी बोटाला मशीन, नव्वदच्या खाली असेल तर मूठभर फुटाणे आणि केळं, आणि पुन्हा तपासल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. साखरेची पुडी वरच्या खिशात, केबिनच्या डब्यात नाही, कारण त्या वेळी डबा उघडायचं सुचत नाही. आणि क्लीनरला सगळं शिकवून ठेवलंय.

तीन महिन्यांनी सरासरी ७.६ वर आली. डॉक्टरना ती अजून खाली हवी आहे, पण ते म्हणाले, ड्रायव्हर आहात, घाईनं उतरवायला नको. झोपेचं गणित मात्र जमलेलं नाही. होसूरचा माल पहाटे उतरवायचा असतो आणि तुमकूरच्या पुढं डोळे मिटायला लागतात, त्यावर ना भाकरीचा उपाय ना फेऱ्यांचा. परवा भेटले तेव्हा मालकाशी त्यावरूनच वाद चालला होता. दुसरा ड्रायव्हर द्या नाहीतर माल सकाळी आठला उतरवू, असं अण्णांचं म्हणणं. मालक अजून हो म्हणालेला नाही.