हिंडलग्याची ऑर्डर परवडते का?

[दृश्य: बेळगावातली टिळकवाडी, संध्याकाळ. रेल्वे गेट पडलेलं, दुचाक्यांची रांग.]

शहापूरचा हा तरुण दिवसभर डिलिव्हरी करतो. आज ॲपवर 720 रुपये जमलेत. पेट्रोलला अडीचशे गेले, म्हणजे हातात 470 उरले, असं त्याला वाटतं.

आता त्याच्या गाडीचा मीटर बघूया. ॲपच्या हिशेबात 70 किलोमीटर आहेत, मीटरवर 110. मधले 40 हॉटेलपर्यंत जाण्याचे आणि रिकामं परतण्याचे. त्यांचे पैसे कुणी देत नाही, पण पेट्रोल जळतं आणि टायर झिजतो तो त्यांच्यावरही. म्हणून खर्च मीटरवरूनच धरायला हवा.

ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल करायची, मीटर लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. जितके लिटर बसले, त्यांनी चाललेल्या किलोमीटरला भागायचं. याच्या गाडीला गावात 45 चं ॲव्हरेज पडतं. पेट्रोल 103 रुपये धरलं, तर किलोमीटरला 2 रुपये 29 पैसे.

[दृश्य: वडगावातलं गॅरेज. मेस्त्री मागचं चाक फिरवून बघतात.]

"चेन वाळलीय की. अशीच पळवलास तर स्प्रॉकेट खातंय बघ."

ऑईल, टायर, चेन सेट, ब्रेक शू, क्लच प्लेट आणि मजुरी. यांची वर्षभराची बिलं जोडून चाललेल्या किलोमीटरने भागली की साधारण 60 पैसे येतात. पावसाळ्यात चिखलाने चेन लवकर झिजते, तेव्हा हा आकडा चढतो.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो गाडीच्या किमतीचा खर्च. 90 हजारांना घेतलेली गाडी 80 हजार किलोमीटरनंतर 30 हजारांना गेली, तर 60 हजार रस्त्यावरच संपले. किलोमीटरला 75 पैसे. हे पैसे रोज खिशातून जात नाहीत, म्हणून दिसतही नाहीत. नवी गाडी घ्यायची वेळ आली की एकदम समोर उभे राहतात.

तिन्ही मिळून 3 रुपये 64 पैसे. 110 किलोमीटरला 400. हातात उरले 320, दहा तासांच्या कामाचे.

आता रात्रीची हिंडलग्याची ऑर्डर. मिळणार 45 रुपये. हॉटेलपर्यंत 2 किलोमीटर, पुढे 6, परत 6, एकूण 14. फक्त पेट्रोल धरलं तर 32 रुपये जातात आणि 13 सुटल्यासारखे वाटतात. पूर्ण खर्च धरला तर 51. म्हणजे रात्री तेवढा प्रवास करून 6 रुपये पदरचे गेले.

दिवसा तिकडूनच दुसरी ऑर्डर मिळाली तर हीच फेरी परवडते. त्यामुळे तो हिंडलगा दुपारी घेतो. रात्री दहानंतर शहापूर, वडगाव, टिळकवाडीच्या बाहेर जात नाही. आणि ॲव्हरेज 40 वर आलं की आधी टायरची हवा, चेन आणि एअर फिल्टर बघतो, कारण तेवढ्या घटीने दिवसाला तीसेक रुपये जास्तीचे जळतात.