पप्पांना फोनवर काय म्हणतोस?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या भाषाविज्ञानाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी गेल्या महिन्यात एका परिषदेसाठी गोषवारा लिहून घेऊन आली. गोषवारा म्हणजे पुढं करायच्या अभ्यासाचा अडीचशे-तीनशे शब्दांतला आराखडा. प्रश्न काय, माणसं कोण, बोलणं कसं गोळा करणार, मोजणार काय, एवढं त्यात यावं लागतं. तिचा विषय होता पुण्यात राहणाऱ्या तरुण मराठी मुलामुलींच्या बोलण्यातली आदरार्थी सर्वनामं. तू, तुम्ही आणि आपण. तिच्या मसुद्याचं पहिलंच वाक्य असं होतं : 'महानगरातील तरुण पिढीत आदरार्थी सर्वनामांचा ऱ्हास होत आहे.'

त्या वाक्यावर आम्ही दोन दुपारी घालवल्या. त्या दोन दुपारीत काय झालं ते आज तुम्हाला सांगणार आहे, कारण त्यात आपल्या भाषेची एक अशी खुबी हाताला लागली की जी आपण दिवसभर वापरतो आणि कधी पाहत नाही.

तिच्या घरात दोन भाऊ आहेत. थोरला पुण्यात हिंजवडीत नोकरीला, धाकटा इथं कोल्हापुरात वडिलांबरोबर दुकान बघतो. दोघांची आणि वडिलांची परवानगी घेऊन तिनं थोरल्याचा घरी केलेला एक फोन टिपून ठेवला होता. थोरला वडिलांना जे बोलला ते सगळं आठ वाक्यांचं. ऐका.

'पप्पा, जेवला का?' 'गोळ्या घेतल्या का?' 'डॉक्टरकडं कधी जाणार?' 'उन्हात जास्त फिरू नका.' 'गाडी दुरुस्त करून झाली?' 'शनिवारी मी येतोय, स्टँडवर यायची गरज नाही.' 'मम्मीला फोन द्या जरा.' 'बरं, ठेवू का?'

आता सांगा, यात 'तुम्ही' किती वेळा आलं? एकदाही नाही. तिनं वहीत लिहिलं होतं : आदरार्थी सर्वनाम, शून्य. आणि त्या शून्यावरून ऱ्हास.

पण मराठीत सर्वनाम गाळूनच बोलायची रीत आहे. 'तुम्ही बसा' असं आपण पाहुण्याला क्वचित म्हणतो, 'बसा' म्हणतो. आदर 'बसा'तल्या शेवटच्या आकारात असतो. इंग्रजीत क्रियापद असं बोलत नाही, म्हणून तिकडच्या अभ्यासाचा साचा जसाच्या तसा उचलला की सर्वनामं मोजली जातात आणि आदर वहीबाहेर राहतो. तेव्हा मोजायचं ते क्रियापदाचं रूप. आठ वाक्यं पुन्हा बघू. 'फिरू नका', इथं 'नको' आलं असतं तर तू झालं असतं, 'नका' आलं म्हणजे तुम्ही. 'फोन द्या', 'दे' नव्हे. म्हणजे दोन ठिकाणी मुलगा वडिलांना स्पष्टपणे तुम्ही म्हणतोय.

राहिली सहा. ती मुकी वाक्यं आहेत, समोरच्याला तू म्हटलं की तुम्ही ते सांगत नाहीत. 'डॉक्टरकडं कधी जाणार?' हे वाक्य वडिलांनाही म्हणता येतं आणि शेजारच्या चिंगीलाही. 'गाडी दुरुस्त करून झाली?' यात समोरचा माणूसच नाही, नुसती गाडी आहे. 'जेवण झालं का' हा आपला रोजचा प्रश्न तसलाच. आज्ञार्थातसुद्धा हे होतं. बस आणि बसा, ये आणि या, घे आणि घ्या वेगळे आहेत, पण 'जा' आणि 'खा' तू लाही तेच, तुम्हीलाही तेच. पुण्यात रस्ता विचारला आणि पोरानं 'सरळ जा' म्हणून सांगितलं, तर त्यानं तुम्हाला मान दिला की नाही हे त्या दोन शब्दांवरून ठरवता येत नाही. पुढं 'डावीकडं वळा' म्हणाला तर कळतं.

म्हणून गोषवाऱ्यात पहिली दुरुस्ती ही झाली. टक्केवारी काढायची ती फक्त बोलत्या जागांतून. दोन बोलत्या जागा, दोन्ही तुम्ही. मुकी वाक्यं वेगळ्या रकान्यात.

त्या मुक्या रकान्यालाही अर्थ असू शकतो. ज्याला वडिलांना तुम्ही म्हणणं पुण्यातल्या मित्रांपुढं अवघड वाटतं आणि तू म्हणायला जीभ वळत नाही, तो मधल्या वाटेनं जातो : 'चहा घेणार?', 'निघायचं?', 'बरं आहे ना आता?' नव्या सुनेला सासूशी बोलताना हेच सुचतं. पण एखादा टाळतोय की नुसतंच बोलतोय, हे कसं ओळखायचं? त्याच मुलाचं जिवलग मित्राशी बोलणं घ्यायचं. तिथं त्याला तू बद्दल कसलाच पेच नाही. तिथंही दर आठ वाक्यांत सहा मुकी निघाली तर तो त्याच्या बोलण्याचा साधा ढंग. मित्राशी दोन आणि वडिलांशी सहा असं सतत होत असेल, तर तो टाळतोय. ही तुलना मूळ आराखड्यात नव्हती.

दुसऱ्या दुपारी आम्ही धाकट्याचं बोलणं ऐकलं, आणि खरी गोष्ट तिथं होती. तेच वडील, त्याच गोळ्या, तोच डॉक्टर. धाकटा म्हणतो : 'पप्पा, जेवलासा काय?' 'गोळ्या घेतलासा काय?' 'डॉक्टरकडं कधी जाणार हायसा?'

हा 'सा' आपल्या कोल्हापूरकडचा. आलासा, निघालासा, करालासा. ज्या माणसाला तुम्ही म्हणायचं त्याच्यासाठीच तो लागतो, तू साठी 'आलास', 'करालास'. म्हणजे धाकट्याची पहिली तीनही वाक्यं बोलती झाली. उरलेली पाच थोरल्यासारखीच धरली, तरी आठापैकी पाच जागांवर आदर कानाला ऐकू येतो. थोरल्याच्या दोनच जागांवर. म्हणून थोरल्याचा आदर कमी झाला म्हणायचा का?

थोरल्यानं पुण्यात गेल्यावर 'सा' सोडला. का सोडला हे तिला त्यानं स्वतःच सांगितलं : पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या पोरांनी 'जेवलासा काय' म्हणून त्याला चिडवलं होतं. 'सा' गेला की पुस्तकी मराठीप्रमाणं त्या जागी 'जेवलात' यायला हवं. पण बोलताना तो शेवटचा त गळतो आणि 'तुम्ही जेवला का' होतं. आणि तिकडं 'तू जेवलास का' मधला स सुद्धा शहरी पोरांच्या बोलण्यात गळतो, तेव्हा 'तू जेवला का' होतं. दोन्हीकडून गळून एकच रूप उरलं : 'जेवला का?' हे मुकं. 'गोळ्या घेतलासा'चं 'गोळ्या घेतल्या का' झालं, तेही मुकं. थोरल्यानं टाकला तो गावाकडचा प्रत्यय, आणि त्याच्याबरोबर आदर दाखवायची जागाच गेली. वहीत मात्र दोन्ही एकाच आकड्यात दिसतात.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बोली सुटणं आणि मान सुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आपल्या पोरांवर दुसरीचा आरोप करायच्या आधी पहिली तपासली पाहिजे. आणि पुण्यातच वाढलेल्या मुलांत खरा बदल आहेच. 'बाबा, तू आलास का' हे मी पुण्यात अनेक घरांत ऐकलंय, आपल्याकडं जसं आईला पिढ्यान्‌पिढ्या तू म्हणतो तसंच प्रेमानं. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या भाषांबद्दल मांडलं होतं की अशी सर्वनामं आधी अधिकारावर चालत, मग हळूहळू जवळिकीवर चालायला लागली. वडिलांना म्हटलेला तू त्या चौकटीत बसतो. थोरल्याचा 'जेवला का' बसत नाही.

मग अभ्यासात माणसं कोण घ्यायची तेही बदललं. आधी पुण्यातले वीस ते पंचवीस वयाचे तरुण एवढंच होतं. त्यावर कुणीही विचारील की हीच मुलं चाळिशीत पुन्हा तुम्हीकडं वळणार नाहीत कशावरून? बाप झाल्यावर, हाताखाली माणसं आल्यावर बोलणं बदलतं. एकाच वेळी घेतलेल्या नोंदीवरून हे पक्कं सांगता येत नाही, आणि तसं गोषवाऱ्यात स्पष्ट लिहिलेलं बरं. तिनं जोड्या घ्यायचं ठरवलं : बारा घरं, प्रत्येक घरातलं एक भावंड पुण्यात, एक कोल्हापुरात. दोघांचे आई-वडील तेच, म्हणून ऐकणारा बदलत नाही. आणि तुलनेसाठी पुण्यातच वाढलेली बारा मुलं. सगळ्यांचं बोलणं फोनवरचंच, कारण समोरासमोर 'या', 'बसा', 'घ्या' जास्त येतात आणि फोनवर प्रश्न जास्त, तेव्हा एकाचा फोन आणि दुसऱ्याचं जेवणाचं ताट अशी तुलना चालत नाही.

नुसती प्रश्नावली देऊन हे होणार नाही. थोरल्याला 'वडिलांना काय म्हणतोस' विचारलं तर तो तात्काळ 'तुम्ही' म्हणाला, आणि ते खरंही होतं, पण त्या उत्तरात सहा मुकी वाक्यं कुठंच नव्हती. आपल्याला हवं असतं मोकळं बोलणं, पण रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर माणूस सावरून बोलतो, याला भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं. म्हणून प्रत्येकाचे पहिले दोन फोन मोजणीत धरायचे नाहीत.

'आपण'चं काय, असं तुम्ही विचाराल. ते तिनं बाजूला ठेवलं, मीच सांगितलं. 'आपण बसावं' यातला आपण वेगळा, 'आपण सिनेमाला जाऊ'तला वेगळा, आणि 'आपण नाही घाबरत कुणाला' म्हणणारा पोरगा स्वतःबद्दलच बोलतो. त्याचा अभ्यास स्वतंत्र व्हावा.

सगळ्यात शेवटी एक गोष्ट तिला स्वतःला सुचली, आणि मला ती फार आवडली. थोरल्यानं 'मम्मीला फोन द्या' म्हटल्यावर पुढं आईला काय विचारलं ते तिनं ऐकलंच नव्हतं. परत ऐकलं. तो म्हणाला, 'पप्पा बाहेर गेलते काय? त्यांना सांग, मी फोन करतो.' 'गेलते', 'त्यांना'. वडिलांबद्दल आईशी बोलताना लपायला जवळपास जागा नसते. पप्पा आले की आला, पप्पांनी की पप्पानं, पप्पांना की पप्पाला, काहीतरी एक निवडावंच लागतं. 'कधी येणार' सारखं एखादंच वाक्य निसटतं. थोरल्याच्या त्या दोन वाक्यांत दोन्ही जागा आदराच्या होत्या.

मग गोषवारा नव्यानं लिहिला. त्यातली दोन वाक्यं तिच्या परवानगीनं वाचतो : 'पुण्यात स्थलांतरित झालेल्या कोल्हापुरी तरुणांच्या बोलण्यात वडिलांविषयीचा आदर समोर बोलताना कमी ठिकाणी दिसतो. तो आईशी बोलतानाही कमी दिसतो का, की फक्त "सा" प्रत्यय सुटल्यामुळं झाकला जातो, हे प्रस्तुत अभ्यासात तपासले जाईल.'

'ऱ्हास' हा शब्द तिनं काढला. गोषवारा दोनशे ऐंशी शब्दांत बसला, आणि परवा तिनं तो पाठवला. बारापैकी सात घरांनी परवानगी दिली आहे. पाच घरं अजून शोधायची आहेत, त्यातली दोन तरी अशी हवीत की जिथं पुण्यात मुलगी आहे आणि इथं भाऊ.

नमस्कार.