निघाले बारा व्होल्ट, पोहोचले आठ

[रात्र. मॉनिटरवर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या चार चौकटी. तीन स्थिर आहेत. चौथीत चित्र येतं, जातं, पुन्हा येतं.]

ही चौथी चौकट नीट बघा. दिवसभर हिच्यात फाटक स्वच्छ दिसत होतं. अंधार पडला, कॅमेऱ्याला अंधारात दिसावं म्हणून असलेले आयआर दिवे लागले आणि चित्र गेलं. काही सेकंदांनी परत आलं, दिवे लागले, पुन्हा गेलं. रात्रभर हेच चालतं. उजाडलं की कॅमेरा ठणठणीत.

चारही कॅमेऱ्यांना वीज एकाच अडॅप्टरवरून येते. अडॅप्टर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा. तीन कॅमेरे जवळ आहेत. चौथा केबलच्या मापाने ६० मीटर लांब.

अशी तक्रार आली की पहिला संशय अडॅप्टरवर जातो. कामाच्या सुरुवातीच्या काळात मीसुद्धा अशाच एका ठिकाणी ५ अँपिअरचा अडॅप्टर काढून १० अँपिअरचा बसवला होता. त्या रात्रीही कॅमेरा तसाच बंद-चालू होत राहिला, आणि ग्राहकाचे पैसे फुकट गेले याचं मला आजही वाईट वाटतं. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच. कॅमेरा आपल्याला लागेल तितकाच करंट ओढतो. इथला एक कॅमेरा दिवसा ०.१५ अँपिअर घेतो, रात्री दिवे लागले की ०.४. चारांचे मिळून १.६. म्हणजे ५ अँपिअरचा अडॅप्टर निवांत आहे. कमी पडतेय ती वायर.

[क्लोजअप: केबल सोललेली. मधे कोॲक्सियल, बाजूला तीन बारीक रंगीत कोअर.]

ही नेहमीची थ्री प्लस वन केबल. जाडसर कोॲक्सियलमधून चित्र जातं आणि शेजारच्या दोन बारीक कोअरमधून वीज. या कोअरमध्ये तांबं आहे जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर. इतक्या बारीक तांब्याचा रोध मीटरमागे साधारण ०.०८६ ओहम भरतो. कॅमेरा ६० मीटरवर असला तरी करंट जातो आणि परतही येतो, म्हणून हिशोब १२० मीटरचा धरायचा. हे दुप्पट करणं विसरलं की उत्तर निम्म्याने चुकतं.

१२० मीटरचे झाले साधारण १० ओहम. दिवसा ०.१५ अँपिअर, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेले आणि कॅमेऱ्याला १०.५ मिळाले. बऱ्याच कॅमेऱ्यांवर १२ व्होल्ट, दहा टक्के कमी-जास्त, असं लिहिलेलं असतं. म्हणजे खालची हद्द १०.८. दिवसा तो हद्दीच्या खाली राहूनच कसाबसा चालत होता. रात्री ०.४ अँपिअर झाले की ४ व्होल्ट वायरीत जातात आणि हाती उरतात ८. तेवढ्यावर कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की करंट थांबतो, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात आणि पुन्हा तेच.

कोअर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर रोध दीडपटीहून जास्त. ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तीच.

[क्लोजअप: शिडीवर, कॅमेऱ्याजवळचा डबा उघडलेला. मल्टिमीटर.]

आता मोजायचं कसं, कारण फसगत होते ती इथेच. कॅमेऱ्याचा जॅक काढून, मोकळ्या पिनवर मीटर लावला तर तो १२ दाखवतो. करंटच वाहत नसेल तर वायरीत पडणार काय? जॅक कॅमेऱ्याला लागलेला हवा, दिवे लागलेले हवेत, आणि तेव्हा मापायचं. स्क्रूचा डीसी कनेक्टर असेल तर सोपं, स्क्रूंच्या डोक्यांवरच प्रोब टेकवायचे. दिवसा मापायचं असेल तर कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड घट्ट धरा, तो रात्र समजतो. बघा, १०.५ वरून आकडा कोसळला, क्षणभरात पुन्हा वर गेला. हे नाचणंच निदान आहे.

अडॅप्टरवरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवून १३ करावेत, असं काही जण सुचवतात. १३ मधून ४ गेले तर उरतात ९. चौथा कॅमेरा तसाच राहतो आणि जवळच्या तिघांना विनाकारण जास्त व्होल्टेज जातं.

उपाय वायरीत आहे. चौथ्या कॅमेऱ्यासाठी १ चौरस मिलिमीटरची दोन कोअरची तांब्याची वायर थेट अडॅप्टरपासून वेगळी टाकली. तिचा रोध १२० मीटरला जेमतेम २ ओहम. ०.४ अँपिअरला पडतात ०.८ व्होल्ट, म्हणजे कॅमेऱ्याला ११.२ मिळायला हवेत.

वेगळी टाकली, हे मुद्दाम सांगतोय. वाटेत कॅमेरे आहेतच, तर एकच वायर पहिल्याकडून दुसऱ्याकडे नेत शेवटपर्यंत न्यावी, असा मोह होतो. समजा चार कॅमेरे दर १५ मीटरवर आहेत आणि हीच १ चौरस मिलिमीटरची वायर सगळ्यांना पुरवतेय. पहिल्या तुकड्यातून चौघांचा करंट जातो, दुसऱ्यातून तिघांचा, मग दोघांचा, मग एकाचा. प्रत्येक तुकड्याचे व्होल्ट मिळवले तर शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत २ व्होल्ट पडतात आणि तिथे पोहोचतात १०च्या आसपास. वायर तीच, अंतर तेच, तरी पुन्हा हद्दीच्या खाली. म्हणून अडॅप्टरजवळ जोडपट्टी बसवून तिथून प्रत्येक कॅमेऱ्याची वायर स्वतंत्र काढायची, आणि प्रत्येकीला आपला फ्यूज. एकीत शॉर्ट झालं तर बाकीचे तीन कॅमेरे चालू राहतात.

नवी वायर टाकायला वाटच नसेल, पाइप भिंतीत बुजलेला असेल, तर जुन्याच बारीक कोअरमधून १२ ऐवजी २४ व्होल्ट पाठवता येतात. त्यासाठी २४ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि कॅमेऱ्यापाशी २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर. व्होल्टेज दुप्पट झालं की तेवढ्याच कामाला करंट निम्म्याच्या आसपास लागतो. वाटेत अडीचेक व्होल्ट जातात, कन्व्हर्टरकडे २१ पोहोचतात आणि तो पुढे १२ कायम ठेवतो. कॅमेरा जोडण्याआधी कन्व्हर्टरचं आउटपुट मीटरवर बघून घ्या. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना ठळक चिठ्ठी लावा: २४ व्होल्ट. उद्या दुसरं कोणी दुरुस्तीला आलं आणि त्याने हा जॅक सरळ कॅमेऱ्यात घातला तर कॅमेरा जळतो.

[पुन्हा रात्र. नवी वायर जोडलेली. शिडीवर मीटर.]

अंधार पडलाय. दिवे लागायची वाट बघतोय. लागले. मीटरवर ११.३. हिशोबापेक्षा हे किंचित जास्त आहे, कारण चारही कॅमेऱ्यांची निगेटिव्ह, चित्र साठवणाऱ्या डीव्हीआरपाशी कोॲक्सियलच्या जाळीतून एकमेकांना जोडलेली असते आणि परतीचा थोडा करंट त्या वाटेने जातो. वीजेची वायर फार बारीक असेल तेव्हा हाच हिस्सा वाढतो आणि चित्रावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात.

खाली मॉनिटरवर चौथी चौकट. फाटक दिसतंय. पट्ट्या नाहीत. दहा मिनिटं झाली, चित्र एकदाही गेलेलं नाही.