गर्दी नसलेला, पण परवानगी असलेला गेम

यूट्यूबवर खेळाचे व्हिडिओ करायला गेम निवडताना दोन गोष्टी बघायच्या: परवानगी आणि गर्दी. आधी परवानगी.

दृश्य: यूट्यूब स्टुडिओतली व्हिडिओंची यादी. Restrictions या रकान्यात एका व्हिडिओसमोर Copyright.

हा शब्द दिसला की चॅनल गेलं, असं वाटून अनेक जण व्हिडिओ घाईने उडवून टाकतात. पण त्याच्यामागे दोन वेगळी प्रकरणं असू शकतात. कंटेंट आयडी या यूट्यूबच्या आपोआप जुळणी करणाऱ्या यंत्रणेचा दावा असेल, तर व्हिडिओ बहुधा चालूच राहतो; जाहिरातीचे पैसे तेवढे दावेदाराकडे वळतात. कॉपीराइट स्ट्राइक असेल, तर व्हिडिओ उतरवला जातो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक जमले की चॅनल बंद होऊ शकतं.

गेमच्या व्हिडिओत हा प्रश्न मुळातच येतो, कारण पडद्यावरचं चित्र, पात्रं आणि संगीत गेम बनवणाऱ्यांच्या मालकीचं असतं. आपला असतो तो आवाज आणि खेळण्याची रीत. कंपनी लेखी मुभा देते म्हणून त्यावर कमाई करता येते, आणि प्रत्येक कंपनीच्या मुभेच्या अटी निराळ्या असतात.

दृश्य: निन्टेंडोच्या नियमांचं पान, हळूहळू वर सरकणारं.

निन्टेंडोने २०१३मध्ये लोकांच्या खेळाच्या व्हिडिओंवर कंटेंट आयडीचे दावे लावून जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडे घेतलं होतं. २०१५मध्ये नोंदणी करणाऱ्यांना हिस्सा देणारी योजना आली. २०१८च्या अखेरीस तीही गुंडाळली आणि त्या जागी नियमांचं एक पान आलं. ते म्हणतं की यादीत दिलेल्या मंचांच्या अधिकृत योजनांतून खुशाल कमवा, पण व्हिडिओत तुमची भर किंवा समालोचन हवं. नुसतं खेळाचं चित्रण जसंच्या तसं चढवलेलं चालत नाही.

यूट्यूबही कमाईसाठी चॅनल तपासताना हेच बघतं. हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचा वॉच टाइम पूर्ण झाला, तरी न बोलता तासन्‌तास खेळलेल्या व्हिडिओंचं चॅनल नाकारलं जाऊ शकतं. दर पाच मिनिटांनी ‘अरे, काय मारलं!’ एवढंच बोलणाऱ्याचीही बाजू लंगडीच. ही चाल का खेळली, दुसरी कोणती होती, इथे नवखे का हरतात, हे सांगितलं तर त्याला समालोचन म्हणता येईल.

व्हॉल्व्ह आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या नियमांत आणखी एक अट आहे, आणि चॅनल वाढू लागल्यावर लोक नेमके तिच्यात अडकतात. जाहिरातीचं उत्पन्न चालतं, पण व्हिडिओ पाहण्यासाठी प्रेक्षकाकडून पैसे घेणं चालत नाही. मेंबरशिप सुरू केली आणि फक्त मेंबरांसाठी भाग ठेवला, की ही अट मोडली. मेंबरांना बॅज द्या, इमोजी द्या. खेळाचं चित्रण सगळ्यांसाठी खुलं ठेवा.

दृश्य: पर्सोना ५मधलं कॅलेंडर. तारखा उलटत जातात.

कथेवर चालणाऱ्या गेममध्ये अट थेट कथानकावरच असू शकते. एप्रिल २०१७मध्ये पर्सोना ५ इंग्रजीत आला, तेव्हा तो बनवणाऱ्या ॲटलसने जाहीर केलं की गेममधल्या ७ जुलै या तारखेपुढचं काही दाखवू नका. दाखवलंत तर दावा किंवा थेट स्ट्राइक येईल. शंभर तासांच्या आसपास चालणाऱ्या गेममध्ये ही तारीख निम्म्याच्याही बरीच आधी येते. आरडाओरडा झाला, कंपनीने माफी मागितली आणि तारीख १९ नोव्हेंबरपर्यंत पुढे नेली. ज्यांनी मालिकेचे पुढचे भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवले असतील, त्यांच्यासाठी नियमाचं ते एक पान किती महागात गेलं असेल ते पाहा. म्हणून कथेच्या गेमची मालिका ठरवण्याआधी ‘कुठपर्यंत दाखवता येईल’ हे शोधायचं.

आणि दिलेली मुभा काढूनही घेता येते. फायरवॉच बनवणाऱ्या कँपो सँटोने आपल्या संकेतस्थळावर कमाईला उघड परवानगी दिली होती. सप्टेंबर २०१७मध्ये यूट्यूबर प्यूडीपाय दुसराच गेम खेळताना थेट प्रक्षेपणात वांशिक शिवी बोलला, आणि स्टुडिओने त्याचा फायरवॉचचा व्हिडिओ कॉपीराइटच्या तक्रारीने उतरवायला लावला. परवानगीच्या पानाची तारखेसह पीडीएफ ठेवणं चांगलंच. चुकून आलेल्या दाव्यावर ती दाखवता येते. मालकाने मुद्दाम हात आखडला, तर मात्र तिची ताकद तिथे संपते.

संगीताचं वेगळंच. गेम कंपनीने फक्त वापरण्यापुरतं घेतलेल्या गाण्याचा मालक तिसराच असतो. कंपनीची परवानगी त्याला लागू होत नाही. सायबरपंक २०७७सारख्या गेममध्ये अशी गाणी बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती नसेल, तर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइक एका ऑडिओ ट्रॅकवर आणि गेमचा आवाज दुसऱ्यावर घ्या. सगळं एकाच ट्रॅकवर असलं, की गाणं काढताना आपलं बोलणंही जातं.

दृश्य: दोन गेमची थेट प्रक्षेपणं शेजारीशेजारी.

आता गर्दीचं गणित. समजा, एका गेमला आत्ता तीस हजार प्रेक्षक आहेत आणि तीन हजार चॅनल तो दाखवताहेत. सरासरी दहा, म्हणजे वाईट नाही, असं वाटतं. पण वरच्या वीस चॅनलकडे पंचवीस हजार प्रेक्षक असतील, तर उरलेल्या पाच हजारांत २,९८० वाटेकरी. वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत. दुसऱ्या गेमला प्रेक्षक तीनशेच, चॅनल पंचवीस, आणि वरचे दोन एकशेऐंशी जण घेऊन बसलेत. उरलेले एकशेवीस तेवीस जणांत वाटले तर प्रत्येकाला पाच. म्हणून वरचे चॅनल वगळून मगच भागाकार करायचा.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला ही मोजणी लागू पडत नाही. तिथे शोध बघायचा. स्टीमवरच्या गेमची आकडेवारी देणाऱ्या स्टीमडीबी या संकेतस्थळावर त्या गेमचा खेळाडूंचा आलेख पाहा. एका वेळी तीस-चाळीसच माणसं खेळत असतील, तर शोधणारंही कुणी नसतं. ती गर्दी नसणं नव्हे, ओसाडपणा. दोन-तीन हजार खेळत असतील आणि दर काही महिन्यांनी अपडेट येत असेल, तर ब्राउझरची खिडकी गुप्त मोडमध्ये उघडा आणि खेळाडू जिथे अडतात असा एक नेमका प्रश्न यूट्यूबवर टाका. पहिले दहा निकाल पाहा. ते जुन्या आवृत्तीचे असतील, किंवा आठशे सबस्क्रायबरच्या चॅनलला तीस हजार व्ह्यू मिळालेले दिसले, तर तिथे मागणी आहे आणि उत्तर देणारे कमी आहेत. मराठीत बोलत असाल तरी शीर्षकात गेमचं नाव रोमन लिपीतच ठेवा. खेळाडू ते तसंच टाइप करतात.

एकाच गेमवर अख्खं चॅनल उभारण्याचा धोका भारतात लोकांनी पाहिलाय. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत बीजीएमआय ॲप स्टोअरमधून गेला, तो मे २०२३मध्ये परतला. तेव्हा प्रकार एकच धरा, उदाहरणार्थ कारखाने उभारायचे गेम, आणि त्यातले दोन-तीन गेम फिरते ठेवा. प्रेक्षक तोच राहतो.

लहान स्टुडिओच्या संकेतस्थळावर परवानगीचं पान नसेल, तर ईमेलने विचारा: जाहिरातीतून कमाई चालेल का, शेवट दाखवता येईल का, संगीत कुणाचं आहे. उत्तरासोबत गेम उघडण्याची फुकट ‘की’ आली, तर ती घेतल्याचं व्हिडिओत सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूही उघड करायची असते, पैसे हातात पडले नसले तरी.